विश्लेषण : ३१ मार्चच्या रात्री निधी ‘खर्च’ कसा होतो?

आर्थिक वर्ष संपताना कोषागारांत रात्री उशिरापर्यंत देयके मंजूर होत असतात. ही धावपळ कशासाठी? आणि त्या रात्री खर्ची पडलेल्या पैशातून काम खरोखर झालेले असते का?

निधी व्यपगत का होतो?

राज्याच्या एकत्रित निधीतून पैसे काढण्यासाठी विधिमंडळाची मंजुरी लागते. ती एका आर्थिक वर्षापुरतीच असते. ३१ मार्चपर्यंत न काढलेली रक्कम खर्च करण्याचा विभागाचा अधिकार संपतो. पुढील वर्षी नव्याने तरतूद मागावी लागते आणि ‘गेल्या वर्षीचेच पैसे पडून राहिले’ म्हणून तिला कात्री लागण्याची भीती असते.

वर्षभर खर्च का होत नाही?

अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे पैसा हाती आला असे नाही. तो ‘बीम्स’ प्रणालीवर टप्प्याटप्प्याने वितरित होतो. कामालाही प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश या पायऱ्या चढाव्या लागतात. पुरवणी मागणी हिवाळी अधिवेशनात मंजूर झाली, तर या सगळ्यासाठी जेमतेम तीन महिने उरतात. मध्येच निवडणूक आली, तर आचारसंहितेत नवी कामे थांबतात.

मार्चअखेर नेमके काय घडते?

समजा, २०२५-२६ मध्ये एका जिल्हा परिषदेला शाळाखोल्यांसाठी १ कोटी रुपये मंजूर झाले, पण वितरण मार्चमध्ये झाले. ३१ मार्च २०२६ पूर्वी देयक कोषागारातून मंजूर होऊन रक्कम जिल्हा परिषदेकडे गेली की राज्याच्या हिशेबात १ कोटी खर्च झाले. प्रत्यक्षात एक वीटही रचलेली नसते. जिल्हा परिषदांना असा निधी खर्च करण्यासाठी पुढील आर्थिक वर्षही मिळते. म्हणजे खोल्या मार्च २०२७ पर्यंत पूर्ण व्हायला हव्यात. तोवर न वापरलेली रक्कम शासनाकडे परत जाते. निधी तेव्हा वाचला, पण विद्यार्थ्यांना खोल्या मिळाल्याच नाहीत, असे होऊ शकते.

नियम काय सांगतात?

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची घाई करणे हा वित्तीय शिस्तीचा भंग आहे. केंद्रीय मंत्रालयांसाठी अखेरच्या तिमाहीत अर्थसंकल्पीय तरतुदीच्या ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के अशी खर्चाची मर्यादाही आहे. मात्र अशी मर्यादा उशिरा आलेल्या पैशावर उपाय ठरत नाही. निधीच फेब्रुवारीत मिळाला, तर खर्च मार्चमध्येच होणार.

नागरिकांनी काय पाहावे?

केवळ ‘९८ टक्के निधी खर्च’ हा आकडा पुरेसा नाही. निधी वितरणाची तारीख, कार्यारंभ आदेशाची तारीख आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. पैसे निघाल्याची तारीख मार्चची आणि पहिले मोजमाप त्यानंतर कित्येक महिन्यांनी असेल, तर ३१ मार्चला पैशाने फक्त खाते बदलले होते.