पगारातून कापलेला पैसा मालकाचा नाही. मग वहीत तो जातो कुठे?

भोर आणि वेल्हे परिसरात (वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका) हॉटेल, पोल्ट्री, दुधाचा व्यवसाय किंवा छोटे वर्कशॉप चालवणाऱ्यांकडे कामगारांची संख्या हळूहळू वाढते. ती २० झाली की भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, लागू होतो. ठेकेदारामार्फत आलेलेही यात मोजले जातात आणि पुढे संख्या घटली तरी सुटका नसते. खरी चूक त्यानंतर हिशेबाच्या वहीत होते.

समजा, भोरमधील एका उद्योगात २२ कामगार आहेत. त्यातील सुपरवायझरचा मूळ पगार १५,००० आणि भत्ते ७,०००, एकूण २२,००० रुपये. ईएसआय इथे धरलेला नाही. मूळ पगारावर १२ टक्क्यांनी पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) कापून हातात २०,००० येतात.

बँकेतून २०,००० गेले म्हणून अनेक जण खर्चही तेवढाच लिहितात. इथेच घोटाळा होतो. महिनाअखेरीस रोजकीर्दीत ‘वेतन खर्च’ नावे २२,००० हवा. समोर ‘पीएफ देय’ जमा १,८००, ‘व्यवसाय कर देय’ जमा २०० आणि ‘वेतन देय’ जमा २०,०००.

दुसरी नोंद मालकाच्या वाट्याची. त्याचेही १२ टक्के, म्हणजे १,८००. त्यातील १,२५० पेन्शन योजनेत आणि ५५० पीएफमध्ये जातात. विम्याचे ७५ आणि प्रशासकीय शुल्काचे ७५ मिळवून खर्च १,९५० नावे, ‘पीएफ देय’ जमा १,९५०. ही रक्कम कामगाराच्या पगारातून वळती करता येत नाही, पण तसे करणारे आहेतच! म्हणजे हा माणूस मालकाला पडतो २३,९५० रुपयांना.

पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ३,७५० भरले की ‘पीएफ देय’ नावे आणि बँक जमा. तेव्हा नवा खर्च लिहायचा नाही, कारण तो आधीच लिहून झालेला असतो.

सगळ्यांचा पगार इतकाच धरला, तर एका महिन्याचे पीएफ देणे ८२,५०० होते. वहीत ते नसेल तर बँकेतील शिल्लक फुगलेली दिसते आणि डिझेलला किंवा खाद्याला पैसे निघून जातात. मग उशिरावर वर्षाला १२ टक्के व्याज, म्हणजे महिन्याला सुमारे ८२५ रुपये, आणि दंड वेगळा.

तपासणी सोपी आहे. १५ तारखेनंतर खातेवहीत मागील महिन्याचे ‘पीएफ देय’ शून्य दिसले पाहिजे. काही उरले असेल, तर चलन कमी भरले आहे किंवा नोंद चुकली आहे. कामगारालाही ‘उमंग’ ॲपवर पासबुकात हाच महिना शोधता येतो. स्लिपवर १,८०० कापलेले आणि पासबुकात तो महिना कोरा असेल, तर पहिला प्रश्न मालकालाच विचारावा.