शून्य, बारा, तीन : खोडदच्या दुर्बिणीने टिपलेले स्फोट

पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या वादामुळे नारायणगावजवळच्या खोडदची दुर्बीण गेल्या काही काळात बातम्यांत आली. ठरलेला मार्ग या दुर्बिणीजवळून जात असल्याने तो बदलावा लागेल, असे रेल्वेमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले आणि जुन्नर-आंबेगावात नाराजी पसरली. ती समजण्यासारखी आहे. ज्यांच्या गावात रेल्वे येणार होती, त्यांना ‘विज्ञानासाठी’ एवढेच उत्तर पुरत नाही. म्हणून या दुर्बिणीने केलेले एक काम नीट पाहू. कारेगाव-रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यापासून ती सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि हे काम सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका गोष्टीबद्दल आहे.

२००७ मध्ये डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांना ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत, २००१ सालचा, रेडिओ लहरींचा एक अतिशय तीव्र झोत सापडला. तो काही सहस्रांश सेकंद टिकला आणि संपला. अशा झोतांना पुढे ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’, थोडक्यात एफआरबी, हे नाव पडले. एवढ्या क्षणात सूर्य कित्येक तासांत किंवा दिवसांत टाकतो तितकी ऊर्जा बाहेर पडते. असे करणारी वस्तू कोणती, हे कोडे तेव्हापासूनचे आहे.

त्याआधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो. नोंदीत दिसलेली टिचकी आकाशातून आली की शेजारच्या विजेच्या तारेवर उडालेल्या ठिणगीतून? हा प्रश्न गमतीचा नाही. पार्क्सलाच वर्षानुवर्षे अशाच भासणाऱ्या काही टिचक्या नोंदल्या जात होत्या. २०१५ मध्ये त्यांचा माग लागला, तो वेधशाळेतल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनपर्यंत! ओव्हन चालू असताना कोणी घाईने दार उघडले की टिचकी उठत असे.

खरे-खोटे ओळखायची खूण अशी. दीर्घिकांमधल्या पोकळीतही विरळ इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यातून जाताना कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी जास्त रेंगाळतात. एकाच क्षणी निघालेल्या लहरी म्हणून एकत्र पोहोचत नाहीत. उंच कंप्रतेच्या आधी येतात, खालच्या मागून. वाट जितकी लांब, तितके हे अंतर मोठे. आपण ज्या स्रोताकडे वळणार आहोत, त्याच्या झोताचा ७५० मेगाहर्ट्झचा भाग खोडदला आधी पोहोचतो आणि ५५० मेगाहर्ट्झचा सुमारे सव्वादोन सेकंदांनी. वेल्डिंगची किंवा रेल्वेच्या तारेवरची ठिणगी मात्र सगळ्या कंप्रतांवर एकदमच दिसते. मग अडचण कुठे? ठिणग्या फार झाल्या की त्यांच्या गदारोळात क्षीण झोत दिसेनासा होतो. आणि या कथेत क्षीण झोतच महत्त्वाचे आहेत.

आता मॅग्नेटारकडे येऊ. मोठा तारा स्फोट होऊन संपला की कधी कधी मागे न्यूट्रॉन तारा उरतो. वजन सूर्याहून जास्त, पण व्यास जेमतेम वीसेक किलोमीटर, म्हणजे पुणे शहराएवढा. त्यातल्या काहींचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या शंभर लाख कोटी पटीच्या घरात असते, हेच मॅग्नेटार. क्षेत्राच्या ताणाने त्यांचे कवच तडकते आणि क्ष-किरणांचे, गॅमा किरणांचे उद्रेक होतात. हेच तारे एफआरबीही सोडत असावेत, असा तर्क होता, पण पुरावा नव्हता.

तो २८ एप्रिल २०२० रोजी मिळाला. आपल्याच आकाशगंगेतील एसजीआर १९३५+२१५४ या मॅग्नेटारने क्ष-किरणांच्या उद्रेकासोबतच रेडिओ झोत सोडला. कॅनडातील ‘चाइम’ दुर्बिणीने तो टिपला आणि अमेरिकेतील ‘स्टेअर-२’ या छोट्या अँटेनांनीही. स्टेअर-२च्या शोधनिबंधात आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी सहलेखक आहेत. तरी एक खोच राहिली. हा झोत तोवर माहीत असलेल्या दूरच्या सर्वांत क्षीण एफआरबीच्याही तीस-चाळीस पट कमी शक्तीचा होता. दोन्ही एकाच जातीचे कशावरून?

इथे खोडद कामी आली. एफआरबी २०१८०९१६बी हा स्रोत पुन्हा पुन्हा झोत सोडतो, तेही वेळापत्रकाने: १६.३५ दिवसांच्या चक्रात काही दिवस जागा, बाकी शांत. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील विश्वेश्वर राम मर्ती आणि सहकाऱ्यांनी लागोपाठच्या तीन चक्रांत, जागेपणाच्या ऐन भरात, सुमारे दोन-दोन तास त्याच्याकडे दुर्बीण रोखली. पहिल्या खेपेला एकही झोत नाही. दुसऱ्या खेपेला बारा. तिसऱ्या खेपेला तीन. म्हणजे वेळापत्रक पाळणारा हा स्रोत जागा असतानाही लहरी आहे. पण २०२० च्या त्या निबंधातली खरी कमाई वेगळी होती. यातले क्षीण झोत आपल्या आकाशगंगेतल्या त्या झोतापेक्षा साधारण दहापटच शक्तिशाली निघाले. मधली दरी बरीच भरली. शिवाय पंचवीस किलोमीटरवर पसरलेल्या तबकड्यांमुळे दोन झोतांची प्रत्यक्ष प्रतिमा मिळाली आणि त्यांची जागा अंशाच्या ३६०० व्या भागाहूनही बारकाईने ठरली. ठिणगीचा संशय अशाने उरत नाही.

मग सगळे एफआरबी मॅग्नेटारचेच, असे म्हणून टाकावे का? माझ्या मते नाही, आणि अडचण याच स्रोताने उभी केली आहे. श्रीहर्ष तेंडुलकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हबल दुर्बिणीतून त्याचा परिसर पाहिला. तारे जन्मणाऱ्या जवळच्या ढगापासून तो सुमारे ८०० प्रकाशवर्षे दूर आहे. तिथे जन्मून एवढे अंतर सरकायला त्याला आठ लाख ते सत्तर लाख वर्षे लागली असावीत. आपल्या ओळखीचे मॅग्नेटार मात्र दहाएक हजार वर्षांत थंडावतात. १६ दिवसांचे चक्रही तारा जोडीदाराभोवती फिरतो म्हणून, भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून, की स्वतःभोवती अतिसंथ फिरतो म्हणून, हे ठरलेले नाही. मर्तींच्या गटाने ताऱ्याच्या फिरण्याचा छोटा ठेका शोधला, पण खात्रीचा असा मिळाला नाही.

त्याहून अवघड प्रकरणे पुढे आली. एम८१ दीर्घिकेजवळचा एक एफआरबी म्हाताऱ्या ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छातून येतो. जानेवारी २०२५ मध्ये मॅकगिल विद्यापीठातील विश्वांगी शाह यांच्या गटाने जाहीर केलेला स्रोत तर एका वृद्ध दीर्घिकेच्या पार काठावर आहे. मोठे तारे अल्पायुषी असतात. अशा ठिकाणी ते अब्जावधी वर्षांपूर्वीच संपले. तिथे मॅग्नेटार असलाच तर तो दोन श्वेतबटूंच्या मिलनासारख्या दुसऱ्याच वाटेने जन्मलेला असणार. तसे की कारणच निराळे, हे ठरायला अशा ठिकाणांहून येणारे आणखी क्षीण झोत हवेत. आणि ते गदारोळ कमी असलेल्या जागीच सापडतात.