आधी मान, मग लगेच काम

पुण्याहून जर्मनीतल्या प्राध्यापकांना पीएचडीसाठी पहिली मेल लिहिणारी भाची मला मसुदा दाखवायला आली. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’, पुढे आठ ओळी त्यांच्या थोरवीच्या, आणि जागेची विचारणा थेट तळाशी. गंमत म्हणजे हे ‘सर’ बाई होत्या! आपल्याकडे मान द्यायचा म्हणजे मुद्द्यावर उशिरा यायचं. जर्मन माणूस या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. मायन्यात काटेकोर: ‘झेअर गेएर्टे फ्राऊ प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव. पहिल्या नावाने हाक मारायची नाही, आणि ‘तू’ला ‘दू’, ‘आपण’ला ‘झी’ असल्याने जर्मनमध्ये लिहिलंत तर ‘झी’च. पण मायना संपला की लगेच काम. मी तिचं शेवटचं वाक्य उचलून वर नेलं: अमुक विषयावर पीएचडी करायची आहे, ऑक्टोबरपासून आपल्या गटात जागा आहे का? मग तिच्या प्रबंधाबद्दल दोन ओळी, सोबत बायोडेटा, आणि स्तुती रद्द. उत्तरही तसंच येतं. ‘जागा नाही’ एवढंच आलं तर तो राग समजू नये. जपानी प्राध्यापकांना हाच मसुदा उद्धट वाटला असता: तिथे आडनावापुढे ‘सेन्सेई’ लावून, अचानक लिहिल्याबद्दल क्षमा मागून, आपण कोण ते सांगून मगच विनंती. नेदरलँड्समध्ये मात्र प्राध्यापकच उत्तराखाली नुसतं पहिलं नाव लिहितात. पुढच्या मेलीत तेच वापरायचं, पण हे भाचीला अजून जमत नाही.