रजबची सोनोग्राफी

दोन वर्षांपूर्वी एका रात्री सदरमधल्या आमच्या घरी कोणी जेवलं नाही. खालूंच्या रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर आला होता. अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी, 38. पुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ आणि वर शीर्षक ‘ट्यूमर मार्कर’. खाला काही न बोलता जानमाजवर जाऊन बसल्या.

खालू तेव्हा बावन्न वर्षांचे. हेपेटायटिस बी असल्याचं त्यांना रक्तदानाच्या वेळी कळलं होतं, पुढच्या तपासण्यांत सिरॉसिसची सुरुवातही दिसली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एएफपीचा आकडा बघितला, पण विचारलं दुसरंच. “एसजीपीटी किती? गोळी चालू आहे ना?” एसजीपीटी होता 212, साधारण चाळिसाच्या आत हवा. आणि टेनोफोविरची गोळी खालूंनी दोन महिन्यांपासून बंद केली होती. तब्येत ठणठणीत असताना रोज गोळी कशाला, असा त्यांचा हिशेब.

गोळी थांबली की विषाणू पुन्हा वाढतो. यकृतातल्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या भराभर तयार होतात. एएफपी हे मुळात गर्भातल्या बाळाचं यकृत बनवतं ते प्रथिन, आणि डागडुजीला लागलेलं यकृतही ते थोडंफार बनवू लागतं. म्हणून कावीळ उलटली तरी हा आकडा चढतो, गरोदरपणात तर चढतोच. त्याला सरसकट कॅन्सरचं नाव देणं मला पटत नाही. तरीही खालूंसारख्या माणसात वीसच्या वर गेलेला एएफपी नुसता ‘सूज असेल’ म्हणून सोडायचा नसतो. डॉक्टरांनी रंगद्रव्य देऊन सीटी करून घेतला. तो स्वच्छ निघाला. गोळी पुन्हा सुरू झाली. तीन महिन्यांनी एएफपी 7.

आणि खरी चूक आम्ही इथून पुढे केली.

डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी सांगितली होती. पहिल्या वेळी घरात लग्न होतं. दुसऱ्या वेळी खालू म्हणाले, “खून की रिपोर्ट तो नॉर्मल है, अब काहे की सोनोग्राफी?” आम्हालाही ते पटलं. ज्या आकड्याने घाबरवलं होतं, त्याच आकड्यावर आम्ही निर्धास्त झालो. वर्ष उलटून गेल्यावर खालांनी हट्टाने नेलं, तेव्हा 1.8 सेंटिमीटरची गाठ दिसली. त्या दिवशीचा एएफपी होता 6.

लहान गाठींपैकी बऱ्याच गाठी हे प्रथिन रक्तात सोडतच नाहीत. म्हणून एएफपी सोनोग्राफीच्या जोडीला चालतो, तिच्या जागी नाही. चाचण्यांच्या स्वस्त पॅकेजमध्ये नुसता मार्कर असतो आणि लोक त्याला यकृताची तपासणी समजतात, याची मला चीड येते.

गाठ एक सेंटिमीटरहून लहान असती तर तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून ती वाढते का हे बघितलं असतं. ही मोठी होती, म्हणून वेगवेगळ्या टप्प्यांचा सीटी झाला. यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, कॅन्सरच्या गाठीला मात्र रोहिणीतून. त्यामुळे रंगद्रव्य आल्याबरोबर गाठ आधी उजळते आणि थोड्या वेळाने आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडते. सिरॉसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल तर बहुधा तुकडा काढून तपासावा लागत नाही. गाठ एकच आणि दोन सेंटिमीटरच्या आत होती, म्हणून पोटातून सुई घालून उष्णतेने जाळता आली. आणखी एखादी फेरी चुकली असती तर हा उपाय हाती राहिला असता का, हा प्रश्न मी खालूंसमोर काढत नाही.

सहाच महिने का? या गाठी दुप्पट व्हायला बहुधा काही महिने घेतात. वर्षभर थांबलं तर लहान गाठ हातची जाऊ शकते, आणि दर तीन महिन्यांनी बघून जास्त फायदा दिसलेला नाही. शांघायमध्ये सुमारे 18,800 लोकांवर झालेल्या अभ्यासात (2004) सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफी करणाऱ्या गटात यकृताच्या कॅन्सरचे मृत्यू 37 टक्क्यांनी कमी होते. तेही सांगितलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्केसुद्धा झाल्या नसताना.

आता खालूंचा सीटी ठरलेल्या तारखांना होतो. सोनोग्राफीची पाळी त्यांच्या धाकट्या भावावर आली आहे. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा तेही पॉझिटिव्ह निघाले. वय चव्वेचाळीस, सिरॉसिस नाही, सगळं ठीक. “मग मला कशाला?” हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, कारण इतर आजारांत बहुधा सिरॉसिस आधी होतो आणि कॅन्सर नंतर. पण हेपेटायटिस बीचा विषाणू सिरॉसिसशिवायही कॅन्सर घडवू शकतो. म्हणून आपल्याकडे चाळिशी ओलांडलेले पुरुष आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया यांनी सिरॉसिस नसला तरी तपासत राहायचं असतं. घरात कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर त्याआधीच.

खालांनी त्यांच्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मोहरम आणि रजब या दोन महिन्यांवर खुणा केल्या आहेत. दोन्हींत सहा महिन्यांचं अंतर. परवाच्या रिपोर्टात शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की वायूमुळे यकृताचा वरचा भाग नीट दिसला नाही. पूर्वी ती ओळ आम्ही वाचलीही नसती. या वेळी ती अधोरेखित करून डॉक्टरांपुढे ठेवली, आणि एमआरआय सोमवारी ठरला आहे.