पांघरूण आणि बारीक नळी

मालव्याच्या रात्री उन्हाळ्यातही सुखद, तर हिवाळ्यात चांगल्याच बोचऱ्या. इंदूरला घरोघरच्या गच्चीवर सौर बंब आले, तेव्हापासून हिवाळा लागला की तापलेले पाणी न्हाणीघरात पोहोचेपर्यंत निवते, अशी तक्रार ऐकू येऊ लागते. मग कोणी नळीला रबराची पट्टी गुंडाळतो, कोणी चिंध्या बांधतो. आमच्या एका शेजाऱ्यांनीही बंबापासून काढलेल्या तांब्याच्या बारीक नळीवर मोठ्या निगुतीने रबर चढविले, आणि पाणी पूर्वीपेक्षा अधिकच कोमट येऊ लागले! यात नवल वाटण्याजोगे असले, तरी चूक काहीच नाही. पांघरूण घातल्याने ऊब राहते हा नियम बारीक नळीच्या बाबतीत एका मर्यादेपर्यंत उलटा चालतो.

नळीतील उष्णतेला बाहेर पडण्यासाठी दोन अडथळे ओलांडावे लागतात. पहिला वेष्टनाच्या जाडीचा आणि दुसरा वेष्टनाच्या पृष्ठभागावरून हवेत उतरण्याचा. वेष्टन वाढविले की पहिला अडथळा वाढतो; परंतु त्याच वेळी नळीचा घेरही वाढतो. हवेला मोठा पृष्ठभाग मिळतो आणि दुसरा अडथळा कमी होतो. सपाट भिंतीवर कितीही थर चढविले तरी पृष्ठभाग तेवढाच राहतो, म्हणून तिथे हा पेच नाही. बारीक नळीवर मात्र थोड्याशा जाडीनेही घेर दुप्पट-तिप्पट होतो, आणि लाभापेक्षा हानी वरचढ ठरते.

हे आकड्यांनी पाहू. नळीची त्रिज्या ३ मिलिमीटर, तिचा पृष्ठभाग ७० अंशांवर आणि भोवतालची हवा २० अंशांवर आहे असे धरू. हवा शांत असता एका चौरस मीटर पृष्ठभागावरून, तपमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, सुमारे १० वॉट उष्णता जाते असे मानू. उघड्या नळीच्या एका मीटर लांबीतून मग ९.४ वॉट उष्णता जाईल. आता तिच्यावर ५ मिलिमीटर जाडीचे भरीव रबर चढवा. हा आकडा जवळजवळ १७ वर जातो! रबराची त्रिज्या १६ मिलिमीटर होईपर्यंत तो वाढतच जाऊन १९ च्या घरात पोहोचतो, आणि तेथून पुढे मात्र उतरू लागतो. या वळणाच्या त्रिज्येस क्रांतिक त्रिज्या म्हणतात. ती काढणे सोपे आहे: वेष्टनाच्या उष्णतावाहकतेला वर सांगितलेल्या १० या आकड्याने भागावे. रबराची वाहकता सुमारे ०.१६, म्हणून ०.०१६ मीटर, म्हणजेच १६ मिलिमीटर. वळण ओलांडले म्हणजे सुटलो असेही नाही. उघड्या नळीइतकी कमी हानी पुन्हा साधायची, तर या हिशेबाने रबराचा गुंडाळा सुमारे सव्वा मीटर व्यासाचा करावा लागेल!

येथे हाताचा स्पर्श मोठी फसवणूक करतो. उघडी नळी ७० अंशांची म्हणून चटका देते. रबर चढविल्यावर बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ५३ अंशांचाच लागतो. ‘बघा, उष्णता आत कोंडली,’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती मोठ्या पृष्ठभागावरून मुकाट्याने अधिक निसटत असते. खरी परीक्षा एकच. नळाची धार तेवढीच ठेवून, दूरच्या टोकाला येणाऱ्या पाण्याचे तपमान वेष्टनापूर्वी आणि नंतर मोजावे.

मग उपाय कोणता? वेष्टनाचा पदार्थच बदलणे. काचलोकर किंवा हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांचे फोम यांची वाहकता सुमारे ०.०४ असते, त्यामुळे क्रांतिक त्रिज्या ४ मिलिमीटरवर येते. आपल्या ३ मिलिमीटरच्या नळीवर त्याचा पहिला मिलिमीटर किंचित तोट्याचाच. पण २५ मिलिमीटर जाडीचा थर हानी ९.४ वरून ५.३ वॉटवर आणतो. घरातील नेहमीच्या अर्ध्या इंची लोखंडी नळाची बाहेरील त्रिज्या १० मिलिमीटरहून अधिक असते, म्हणून त्यावर फोमचा पहिला थरही लाभदायकच ठरतो. मात्र पावसात भिजलेले वेष्टन उष्णता कितीतरी अधिक वाहते. ते कोरडे राहील असे आच्छादन हवे. वारा असला की क्रांतिक त्रिज्या आणखी लहान होते, आणि घेर वाढला की १० हा आकडाही थोडा खाली येतो; म्हणून आमचे आकडे अंदाजाचे समजावेत.

कापडगिरण्यांतील वाफेचे नळ मुळातच जाड, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. विजेच्या तारेचे मात्र अगदी उलट. तिच्यातील तांबे जेमतेम पाऊण मिलिमीटर त्रिज्येचे असते, आणि वरचे प्लॅस्टिकचे आवरण तिची उष्णता अडवीत नाही, उलट बाहेर टाकण्यास साहाय्य करते. शेजाऱ्यांना जे नडले, तेच तारेला तारक ठरते.