आधी दोन पर्याय खोडा

सी.ए. फाउंडेशनच्या वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकांत चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. म्हणून जे उत्तर असूच शकत नाही, ते आधी खोडावे. आपल्या पेढीवरचेच उदाहरण घेऊ. १८ टक्के जीएसटी धरून बिल ११८० रुपयांचे झाले. मालाची करपूर्व किंमत किती? पर्याय : १३९२.४०, ११८०, ९६७.६० आणि १००० रुपये.

करपूर्व किंमत बिलापेक्षा कमीच असणार. पहिले दोन पर्याय आकडेमोडीवाचूनच गेले. खरी कसोटी उरलेल्या दोहोंत आहे. ९६७.६० हा आकडा उगाच आलेला नाही. ११८० चे १८ टक्के, म्हणजे २१२.४०, वजा केले की तोच मिळतो. घाई करणाऱ्यासाठीच तो मांडलेला असतो. परंतु कर मूळ किमतीवर लागतो, बिलाच्या रकमेवर नव्हे. ९६७.६० वर कर चढवला, तर बिल सुमारे ११४१.७७ चे होते. १००० वर १८० चढवले की नेमके ११८०.

मात्र खोडण्यास असे ठाम कारण हवे. केवळ आकडा विचित्र दिसतो म्हणून पर्याय खोडू नये. तो असाच उलट ताडून पाहावा.