'नाही' खालच्या ओळीत गेलं आणि गिऱ्हाईक बिथरलं

मागच्या व्हिडिओत सबटायटलबद्दल बोललो होतो, ते आज नीट लिहून देतो. माझं स्पष्ट मत आहे, सबटायटल सजावटीसाठी नसतात. गिऱ्हाईक दुकानात, बसमध्ये आवाज बंद करून व्हिडिओ बघतं, तेव्हा तेच तुमचं बोलणं असतं.

लातूरची तूरडाळ घ्या. मी माझ्या दुकानासाठी उभा व्हिडिओ केला, त्यात म्हणालो, "आम्ही तूरडाळीला पॉलिश करत नाही, म्हणून ती जरा फिकी दिसते." अ‍ॅपने आपोआप तोडलं ते असं: पहिल्या पाटीवर "आम्ही तूरडाळीला पॉलिश करत", आणि 'नाही' पुढच्या पाटीवर. दुसऱ्या दिवशी एक काका काउंटरवर येऊन म्हणाले, "काय हो, पॉलिश करता म्हणून स्वतःच सांगायलाव?" आता काय बोलणार!

मराठीत नकार शेवटी येतो, म्हणून 'करत नाही', 'मिळणार नाही' हे कधीच फोडायचं नाही. 'अर्धा किलो', '120 रुपये' हेही एकत्रच ठेवा. मी नंतर असं केलं:

```
1
00:00:04,000 --> 00:00:06,500
आम्ही तूरडाळीला
पॉलिश करत नाही,

2
00:00:06,500 --> 00:00:08,500
म्हणून ती जरा
फिकी दिसते.
```

एका वेळी दोनच ओळी. वाचायला वेळ पुरतो का, हे बघायला आवाज बंद करून घरच्या कुणाला तरी दाखवा. आपल्याला वाक्य पाठ असतं, त्यामुळे आपली परीक्षा खोटी ठरते.

आता अक्षर. 1080 बाय 1920 च्या व्हिडिओत मी मुक्ता फॉन्ट, जाडसर, साधारण 64 पिक्सेलचा ठेवतो. ओळीत 18-20 अक्षरं बसतात. (काही अ‍ॅपमधला आकडा पिक्सेलचा नसतो, तिथं हात लांब करून फोन धरायचा आणि वाचता येतंय का बघायचं.) अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीतल्या 'तू'चा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये हे हमखास होतं.

पिवळी अक्षरं सगळ्यांना आवडतात, पण पिवळ्या डाळीवर ती गायब होतात. जाड काळी किनार दिली तर 'ष्ट', 'द्ध' सारखी जोडाक्षरं बुजतात. म्हणून पांढरं अक्षर आणि मागं काळी पट्टी, 70 टक्के गडद. पट्टी अक्षराच्या वर-खाली थोडी मोकळी सोडा, म्हणजे मात्रा बाहेर येत नाहीत. आणि ती तळाला चिकटवू नका, तिथं रील्सवर खात्याचं नाव आणि माहिती येते.

एक लक्षात ठेवा, यूट्यूबला वेगळी एसआरटी फाइल दिली तर फॉन्ट आणि पट्टी तुमच्या हातात राहत नाही, बघणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे दिसतं. ओळ कुठं तोडली, तेवढंच तुमचं. त्या काकांना मी नवा व्हिडिओ दाखवला, त्यांनी दोन किलो डाळ नेली.